भिंतीवरून आलेले गिअर

कालिंदीबाई पैठणकरांना कुणी नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "मूळ कुठले तुम्ही?" त्याने शहागंज म्हटलं तर "शहागंजच्या आधी?" आणि पैठण म्हटलं तर "पैठणात कुठल्या आळीला?" वाळूजमध्ये कामाला आलेल्या एका बिहारी वेल्डरला त्यांनी त्याच्या पंजोबाच्या गावापर्यंत नेऊन सोडलं होतं. बिचाऱ्याला नंतर घरची इतकी आठवण आली की तो सुट्टी टाकून निघूनच गेला, असं कॅन्टीनमध्ये सांगत. खरंखोटं त्या वेल्डरला ठाऊक.

अशा बाईला देवाने काम काय दिलं, तर मालाचं मूळ गाव शोधायचं. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काकासाहेब औताड्यांचा मोटारसायकलचे गिअर बनवणारा कारखाना होता. त्यात निर्यातीचे सगळे कागद कालिंदीबाई बघत. मी तेव्हा माळीवाड्याच्या कंटेनर डेपोत माल चढवून देणाऱ्या एका एजंटाकडं होतो. त्यामुळं आठवड्याला एकदा तरी त्यांच्या टेबलासमोर बसून चहा पिणं ही माझी नोकरीच होती. चहा बरा मिळायचा, आणि बातम्या त्याहून बऱ्या.

काकासाहेब पिशोरचे. शहर वाढत वाढत त्यांच्या भावकीच्या जमिनीपर्यंत आलं नव्हतं, पण मेहुण्याच्या जमिनीपर्यंत आलं. मेहुण्याने प्लॉट पाडले, काकासाहेबांनी त्याच्या भागीत कारखाना काढला. पुढं मेहुणा भागीतून बाहेर पडला. का पडला याच्या तीन कथा आहेत आणि तिन्हीत एक बाई आहे, पण तो विषय आज नको. कारखाना राहिला आणि कारखान्यात कालिंदीबाई राहिल्या. त्या लागल्या तेव्हा ऑफिसात पंखा एकच होता. तो मालकाच्या डोक्यावर की बाईंच्या, यावर पहिलं भांडण झालं. बाई जिंकल्या. त्या दिवसापासून काकासाहेब त्यांना "कालिंदीताई" म्हणू लागले, ते भीतीने की मायेने ते मला अजून कळलेलं नाही.

दुष्काळाची ती दोन वर्षं चालू होती. मोटारसायकलीच्या कंपनीची मागणी घटलेली. कारखाना तगून होता तो इंडोनेशियाच्या एका गिऱ्हाईकावर. ते गिऱ्हाईक आपल्याकडं का यायचं? गिअर चीनमध्येही मिळतात. पण आपला देश आणि तिकडचे देश यांच्यात करार झालेला, त्यामुळं भारतात बनलेल्या गिअरवर त्याला तिथं आयात ड्यूटी कमी पडायची. त्या सवलतीसाठी मालासोबत मूळ देशाचा दाखला जावा लागतो. तो मुंबईचं सरकारी कार्यालय देतं, पण आपण आधी लिहून दिलेल्या जबानीवर. आमच्याकडं ती जबानी लिहायच्या कालिंदीबाई, आणि खाली सहीही त्यांचीच.

मी एकदा विचारलं, "बाई, आपल्या कारखान्यातून निघालं की झालं ना भारतातलं? त्यात एवढं काय लिहायचं?"

"अहो, तसं असतं तर मग काय हवं होतं!" त्या म्हणाल्या. "परदेशातून पीठ आणलं आणि इथं पोळी केली, तर पोळी आपली. परदेशातून पोळीच आणली आणि इथं नुसती शेकून तूप लावलं, तर ती आपली नाही. कितीही चांगलं तूप लावा."

"आणि ते कोण ठरवणार, पीठ कुठं संपलं आणि पोळी कुठं सुरू झाली?"

"करारात लिहिलंय. जकातीच्या यादीत प्रत्येक वस्तूला आकडा असतो. बाहेरून आलेल्या वस्तूचा आकडा इथल्या कामाने बदलला पाहिजे. सळीचा आकडा वेगळा, गिअरचा वेगळा. शिवाय किमतीतला निदान पस्तीस टक्के भाग आपल्याकडचा पाहिजे. दोन्ही पाहिजे. एकावर भागत नाही."

आमची सळी तर परदेशातली नव्हतीच. ती हीटरमध्ये लाल करून हॅमरखाली ठोकायची, चकती झाली की तिला दात पाडायचे, मग भट्टीत कडक करायची, घासायची, धुवायची, तेल लावून डब्यात. सगळं एका छपराखाली. कालिंदीबाईंना सही करताना कधी हात थांबवावा लागला नाही.

संक्रांतीनंतर हात थांबायला हवा होता, आणि तो थांबला नाही.

झालं असं की वसाहतीच्या पाण्यात कपात झाली आणि कारखान्याची बोअर त्याच महिन्यात आटली. लोखंडाच्या कामाला पाणी कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण सळी लाल करणारा जो हीटर असतो त्याच्या तांब्याच्या वेटोळ्यातून सतत गार पाणी फिरवावं लागतं. ते तापतं, बाहेरच्या टॉवरवर निवतं, निवताना वाफ होऊन उडतं, आणि रोज नवी भर घालावी लागते. भर नाही तर हीटर बंद. हीटर बंद तर हॅमर बंद. हॅमर चालवणारा बन्सी दिवसभर छपराखाली तंबाखू मळत बसू लागला.

इंडोनेशियाची ऑर्डर मात्र उभी. तेव्हा काकासाहेबांनी वाळूजच्या रीतीप्रमाणं भिंतीपलीकडं हाक मारली.

ही रीत बाहेरच्यांना सांगून पटत नाही. गावात शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणतात ना, तशी वाळूजमध्ये एका कारखान्यातून दुसऱ्यात मालाची उसनवारी चालायची. बेअरिंग, सळ्या, तयार होत आलेले भाग. बिल नाही, चलन नाही. आपला हंगाम आला की तेवढंच परत. शेजारी नानासाहेब गवळी तेच गिअर बनवायचे, त्याच मोटारसायकलीचे. दोन्ही कारखान्यांच्या मधली भिंत एका जागी मुद्दाम पडू दिलेली होती, आणि त्या भगदाडातून ट्रॉली ढकलत नानासाहेबांकडचे दात पाडलेले गिअर आमच्याकडं आले. आमच्या भट्टीला पाणी फारसं लागत नव्हतं, ती तेलावर चालायची. कडक केले, घासले, धुतले, डब्यात भरले, इंडोनेशियाला गेले. एकदा गेले. पुन्हा एकदा गेले.

आणि कालिंदीबाईंनी लिहून दिलं, सळीपासून गिअरपर्यंत सगळं भारतात. त्यांनी ट्रॉली येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. पण उसनं आणताना "तुम्ही कुठून आणलंत?" असं विचारायची रीत नाही. साखर मागायला जाऊन शेजारणीला दुकानदाराचं नाव विचारलं तर वाटी परत घेईल ती. बिल घेऊन आलेल्या प्रत्येक खिळ्याचं मूळ विचारणाऱ्या बाईला बिनबिलाच्या गिअरचं मूळ विचारावंसं वाटलं नाही. नानासाहेब मूळ गंगापूरचे, एवढं त्यांना पुरलं.

मे महिन्यात मुंबईहून पत्र आलं. इंडोनेशियाच्या जकात खात्याने फेब्रुवारीच्या मालाच्या दाखल्याची फेरतपासणी मागितली होती. संशय असा काही लिहिलेला नव्हता. दहा पेट्यांतली एक उघडून बघतात तसा एक दाखला उचललेला. मुंबईचा अधिकारी कारखाना बघायला येणार, आणि त्याच्या अहवालावर मुंबई उत्तर पाठवणार. उत्तर जाईपर्यंत तिकडं सवलत अडकलेली.

काकासाहेब म्हणाले, "येऊ द्या की. चहा पाजू, कारखाना दाखवू. आपलं काय लपलंय?"

"काही नाही," कालिंदीबाई म्हणाल्या. "फक्त फेब्रुवारीचे गिअर नानासाहेबांकडचे होते. त्यांच्याकडून एक कागद घेते, इथंच बनवल्याचा. त्यांनी इथल्या सळीतून बनवले असतील तर आपल्याला काही अडचण नाही. उसनं आणलं म्हणून मूळ बदलत नाही."

बाई भगदाडातून पलीकडं गेल्या. नानासाहेब म्हणजे तोंडात खडीसाखर. "या वहिनी, या! पोहे खाणार? बरं, लिंबू सरबत? नाही? पाण्याचीच टंचाई आहे म्हणा." कागदाचं नाव काढलं की ते मुलाच्या लग्नाचं काढायचे. पुन्हा कागद काढला की मठातल्या महाराजांचं. बाई हात हलवत परत आल्या. मला म्हणाल्या, "या माणसाला पोहे करायला वेळ आहे, सही करायला नाही."

"विसरला असेल," मी म्हणालो.

"नानासाहेब? त्यांना तुमच्या बारशाला कोण कोण आलं होतं ते आठवतं."

कळलं ते बजाजनगरात. कालिंदीबाई तिथंच राहायच्या, दोन खोल्यांत. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, म्हणून गल्लीतल्या प्रत्येक दाराशी निळी पिंपं उभी. त्यांच्या शेजारी आवडाबाई, नानासाहेबांकडं झाडलोटीला जाणारी. एका सकाळी आवडाबाईने पिंपाचं झाकण काढून बाजूला ठेवलं. झाकण म्हणजे प्लायवूडची चौकोनी फळी. तिच्यावर काळ्या शाईत उभी चिनी अक्षरं छापलेली, आणि खाली दात असलेल्या चक्राचं चित्र.

"आवडाबाई, ही फळी कुठली गं?"

"गोदामातली. लई पेट्या पडल्यात तिथं रिकाम्या. आमच्या सगळ्यांच्या पिंपावर तेच हाय. तुमाला पायजे का एक? उंदीर नाय पडत."

"पेट्यांत काय येतं?"

"काय येतं म्हंजी? गिअर. तेल लावल्याले, कागदात गुंडाळल्याले. नानासाहेब म्हन्ले, कुनाला सांगू नका, लोकं हसत्यात." मग तिच्या लक्षात आलं. "बाई, मी सांगितलं म्हनू नका हं."

कालिंदीबाई पाणी न भरताच कारखान्यात आल्या. मी डब्यांच्या चिठ्ठ्या घेऊन बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांवर पडलं. मी उठून जायला हवं होतं. नाही गेलो.

"काकासाहेब, ते गिअर चीनचे आहेत. दात पाडलेले तिथूनच आले. नानासाहेबांचंही पाणी आपल्याबरोबरच गेलं होतं. त्यांनी मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याकडून उचलले असणार, आणि आपल्याला उसने दिले."

काकासाहेब म्हणाले, "पण आपण भट्टीत घातले की. घासले. किमतीतला पस्तीस टक्के भाग आपला निघतो का नाय?"

"निघेल. ओढूनताणून नाही, सरळ निघेल. पण आकडा बदलत नाही. गिअर आला आणि गिअर गेला. दोन्ही पाहिजे."

"तुमाला ठावं नव्हतं ना? मग?"

"सही केली तेव्हा ठावं नव्हतं. आता ठावं आहे."

"कालिंदीताई." काकासाहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "ते गिऱ्हाईक गेलं तर ह्या शेडला कुलूप लागंल. पोरं पुन्हा गावाकडं जातील, आन् गावाकडं काय हाय आत्ता? तिसरी ऑर्डर डब्यात भरून उभी हाय. तिचा दाखला अडला तर तेही गेलं. तुमी फकस्त गप ऱ्हा. विचारतील तेवढंच सांगा."

"मी होऊन काही बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "पण कुणी कागद पुढं केला आणि त्यावर खोटं असलं, तर माझी सही मागू नका."

"कोन मागतंय?"

त्या दिवशी हा करार झाला, दोन देशांच्या करारापेक्षा जास्त नाजूक.

काकासाहेबांनी काय केलं, ते अधिकारी यायच्या दिवशी सकाळी दिसलं. मी फाटकातून आत शिरतोय तर पुढं पाण्याचा टँकर. त्या दिवसांत बजाजनगरात टँकर दिसला की बायका पदर खोचून धावायच्या. हा सरळ हॅमर शेडकडं गेला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मालक, पानी किधर छोडूं?" काकासाहेब धोतर सावरत स्वतः पुढं झाले आणि टॉवरखालच्या टाकीकडं बोट दाखवलं. बन्सीने हीटर लावला. चार महिन्यांनी हॅमर पडला तेव्हा ऑफिसच्या काचा थरथरल्या आणि छपरावरची कबुतरं उडाली. माझ्या कपातला चहा बशीत आला.

कालिंदीबाई खिडकीतून बघत होत्या. "काल रात्री आमच्या गल्लीचा टँकर आला नाही," एवढंच म्हणाल्या.

अधिकारी म्हणजे कुणी जाडजूड, चष्म्यावरून बघणारा असेल अशी माझी कल्पना. उतरला तो केयूर साने नावाचा तरुण, सडपातळ, घामाने भिजलेला, मुंबईच्या बुटांवर आमच्याकडची धूळ. बाईंनी सवयीने विचारलं, "मूळ कुठले तुम्ही?"

"डोंबिवली," तो म्हणाला.

"डोंबिवलीच्या आधी?"

"मॅडम, आज प्रश्न मी विचारणार आहे."

हसला तो, पण गमतीत नाही. बाईंनी पुढचा प्रश्न गिळला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

नानासाहेबही भगदाडातून हजर झाले होते, पांढऱ्याशुभ्र शर्टात, जणू घरचं कार्य आहे. साने हॅमर शेडमध्ये गेला. लाल चकती पडताना उभा राहून बघितली. दात पाडायची यंत्रं बघितली, भट्टी बघितली. सळीच्या मोळीवरच्या पाट्या वाचल्या, सळीची बिलं मागितली, ती दिली. काकासाहेब प्रत्येक यंत्राजवळ "हे बघा, हे आपलंच" म्हणत चालले. नानासाहेब मागून, "सगळं इथलंच, साहेब, इथलंच." इतक्या वेळा म्हणाले की मलाच संशय यायला लागला.

साने टॉवरजवळ थांबला. टाकीच्या कडेला पांढरट क्षाराचा थर होता, महिनोन्‌महिने कोरडी पडल्यावर बसतो तसा, आणि नवं पाणी त्याच्या फार खाली. त्याने एकदा टाकीकडं बघितलं, एकदा काकासाहेबांकडं. विचारलं काही नाही. वहीत काहीतरी लिहिलं. काकासाहेबांच्या कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता.

ऑफिसात येऊन त्याने पाणी मागितलं. अर्धाच पेला प्यायला, उरलेलं झाकून ठेवलं. तेवढ्यावरून मला तो आवडला. मग म्हणाला, "ठीक आहे. पद्धत बघितली. प्रक्रिया नियमात बसते. आता फक्त एक जबानी लागेल." आणि कागद पुढं सरकवला. फेब्रुवारीत पाठवलेला माल याच कारखान्यात, याच हॅमरवर, सळीपासून बनवला, असं त्यावर होतं. "मूळ जबानीवर पैठणकर मॅडमची सही आहे. त्यांचीच हवी."

काकासाहेबांनी खिशातलं पेन काढून बाईंसमोर ठेवलं. हॅमर बाहेर पडतच होता. धप्. धप्.

बाईंनी कागद वाचला. पुन्हा वाचला. पेनाला हात लावला नाही.

"कालिंदीताई," काकासाहेब म्हणाले. नुसतं नाव. त्या पंख्याच्या भांडणातही त्यांचा आवाज इतका खाली गेला नव्हता.

"साहेब," बाई सान्याला म्हणाल्या, "हा हॅमर आज चालू आहे. फेब्रुवारीत बंद होता."

नानासाहेब घाईघाईने म्हणाले, "अहो, तेव्हा आमच्याकडचा चालू होता ना! आमच्याकडून उसने घेतले त्यांनी. शेजारधर्म हो, साहेब."

"तुमच्याकडं हॅमर आहे?" सान्याने विचारलं.

"आहे की."

"चला, बघू."

नानासाहेब उठलेच नाहीत. टेबलावरच्या पेपरवेटकडं असे बघत राहिले जणू तो त्यांच्याच मालकीचा आणि हरवला होता. शेवटी म्हणाले, "बंदच होता. संक्रांतीपासून. माल बाहेरून मागवला. सगळेच मागवतात साहेब, मी एकटा नाही. पण मी कुठं लिहून दिलं होतं? मी फक्त उसने दिले!"

आणि हे खरंच होतं. लिहून दिलं होतं बाईंनी.

साने बाईंकडं वळला. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"सही केली तेव्हा उसनं आणल्याचं माहीत होतं. चीनचं असल्याचं नव्हतं. विचारलं नाही, ती माझी चूक. परवा कळलं."

"या एकाच मालात?"

इथं त्या थांबल्या. फेब्रुवारीचंच विचारलं होतं पत्रात. मार्चचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. काकासाहेबांनी डोळे मिटले.

"मार्चचाही. आणि तिसरा डब्यात भरलेला आहे, त्याचा दाखला मी मागणार नव्हते."

"नव्हता मागणार?" काकासाहेबांचे डोळे उघडले. "मला सांगितलं नाय!"

"तुम्ही गप्प राहायला सांगितलं होतं."

सान्याला हसू आलं असावं, त्याने ते वहीत घातलं. बराच वेळ लिहीत राहिला. मग म्हणाला, त्याचं काम अहवाल देण्याचं. दोन्ही मालांचे दाखले मागे घेण्याची शिफारस जाईल, तिकडचं गिऱ्हाईक पूर्ण ड्यूटी भरेल, आणि फरक कुणी सोसायचा ते तुम्ही दोघं बघा. पुढच्या दाखल्यांबद्दल त्याने लिहिलं, की कारखान्याची स्वतःची पद्धत नियमात बसते, चूक उसनवारीच्या मालाची झाली आणि ती कारखान्याने स्वतः सांगितली. "हे शेवटचं वाक्य मला लिहिता आलं नसतं," तो काकासाहेबांना म्हणाला, "मॅडमनी त्या कागदावर सही केली असती तर. आणि तुमच्या टाकीतला क्षार मला दिसला होता."

गाडीत बसताना त्याने बाईंना सांगितलं, "डोंबिवलीच्या आधी राजापूर." आणि काच वर केली.

गाडी फाटकाबाहेर गेली. नानासाहेब भगदाडातून असे गेले की त्यांचा शर्ट विटांना घासला, आणि त्यांनी मागं वळून बघितलं नाही. काकासाहेब अंगणात उभे. त्यांचं वय त्या तासात पाचेक वर्षांनी वाढलं असं मला वाटलं. बाई पायरीवर. मला वाटलं, आता हिशोब होणार. वीस वर्षांचा, पंख्यापासूनचा. बाईंनी पिशवी उचललेलीही होती, म्हणजे त्यांनाही तेच वाटत असावं.

हॅमर अजून पडत होता. त्याला थांबवायला कुणी सांगितलंच नव्हतं. बन्सी शेडच्या दारात आला, तोंड काळंभोर.

"मालक, सायेब गेले. बंद करू का?"

काकासाहेबांनी विचारलं, "टाकीत पानी किती हाय?"

"आज पुरतं हाय. उद्या सकाळपत्तूरबी निघंल, दमानं चालवलं तर."

काकासाहेब टॉवरकडं बघत राहिले. ते पाणी कुणाच्या तोंडचं आणलं होतं ते त्यांना ठाऊक होतं. परत ते काही टँकरात जाणार नव्हतं.

"मग चालव," ते म्हणाले. "दमानं चालव. संपंस्तोवर."

बन्सी आत गेला. काकासाहेब बाईंकडं न बघता बोलले, "तिसऱ्या ऑर्डरचे डबे फोडा म्हनावं. ते नानाचे गिअर नानाला परत. आज जेवढ्या चकत्या पडतील त्यांना आपल्याकडं दात पाडू, तेवढाच माल पाठवू. थोडा तर थोडा. गिऱ्हाईकाला फोन तुमीच करा, मला ती इंग्रजी जमत नाय. आन् पहिल्या दोन मालांचंबी तुमीच सांगा. शिव्या दिल्या तर ऐकून घ्या. फरक मी भरतो म्हनावं."

"करते," बाई म्हणाल्या. पिशवी खांद्यावरून उतरली नाही, पण पाय पायरीवरून आत वळले. मग पुन्हा बाहेर.

"काकासाहेब, ह्या मोळीतली सळी आपलीच ना? कुणाकडून उसनी नाही?"

काकासाहेबांनी हात कपाळाला लावला. माझ्याकडं बघून म्हणाले, "ऐकलं का? ह्या बाईपायी मला देशोधडीला लागायची पाळी आली, आन् तरी इचारतीया!"

"सळी बाहेरची असती तरी चाललं असतं," बाई म्हणाल्या. "चकती आणि दात इथं झाले की आकडा बदलतो. पण मला लिहावं लागेल ना कुठली आहे ते."

"आपलीच हाय!" काकासाहेब ओरडले. "बिल हाय तिचं! जा, बघून या!"

त्या गेल्याच बघायला. शेडमध्ये उष्णता अशी की दारातून आत डोकं घालवत नव्हतं. बन्सीने चिमट्यात लाल चकती धरली होती, आणि त्याच्या बाजूला, पदर नाकाला लावून, कालिंदीबाई मोळीवरची पत्र्याची पाटी वाचत उभ्या होत्या.